केबिन बॅगेतली दाढी

माझ्या साडूचा चेहरा पाहिला की लोक त्याला बसायला खुर्ची देतात. तो आजारी नाही. जन्मतःच दमलेला आहे. डोळ्यांखाली दोन पिशव्या, गालांना उतार, आणि भुवया अशा की सगळ्या जगाची तक्रार आत्ताच ऐकून घेतली आहे आणि उत्तर उद्या देणार आहे. लग्नातल्या फोटोतही तो असाच दिसतो. फोटोग्राफरने म्हणे तीनदा विचारलं होतं, "नवरदेव, जरा हसता का?" आणि साडू म्हणाला होता, "हसतोच आहे."

त्याचं काम मोठमोठ्या टाक्यांच्या आत शिरण्याचं. तेलाच्या, रसायनांच्या, तीन मजली घर आत मावेल अशा लोखंडी टाक्या. कारखाना काही दिवस बंद ठेवतात, टाकी रिकामी करतात, धुतात, आणि मग साडू एका गोल भोकातून आत जातो. हातातल्या यंत्राने पत्र्याची जाडी मोजत फिरतो. पत्रा कुठे झिजलाय, कुठे अजून पाच वर्षं निघतील, ते सांगतो. म्हणून आमच्या घराण्यात त्याचं नाव पडलं टाकीसाहेब. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण पाठीमागेही त्याला कळेल इतक्या मोठ्याने म्हणतात.

लोकांना वाटतं, बंद टाकीत जीव गुदमरत असेल. एकदा मी त्याला तसं विचारलंही. तो चहाच्या कपात पाहत म्हणाला, "साडूभाऊ, तिथे कोणी बोलत नाही."

एवढंच. पण आमचं घराणं बघितलेल्या माणसाला हे पुरेसं आहे. त्याची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, शिवणकामाचं दुकान चालवते आणि गिऱ्हाइकाचं माप घेताना त्याच्या सासूपर्यंतची माहिती काढते. तिची थोरली बहीण माझ्या नशिबी आहे. आम्ही एकाच मजल्यावर, समोरासमोर राहतो. मधला जिना म्हणजे आकाशवाणी केंद्र. त्या केंद्रातून जो माणूस टाकीत जाऊन बसतो, त्याला मी दोष देत नाही.

आता या टाकीचा आणि दाढीचा संबंध सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

टाकी कितीही धुतली तरी आत वाफ राहते. म्हणून तोंडावर रबरी मास्क लावून जावं लागतं. मास्कची कड चेहऱ्याला सगळीकडून घट्ट चिकटली पाहिजे. त्या कडेखाली दाढीचे खुंट आले की फट पडते आणि वाफ आत येते. म्हणून नियम असा, की मास्क लावणाऱ्याची दाढी रोज सकाळी गुळगुळीत हवी. मिशी चालते, पण ती मास्कच्या आत मावली पाहिजे. साडूची मिशी मावते. दाढीचं मात्र दुखणं आहे. त्याचे केस कुरळे आणि राठ. जरा चुकीचा हात फिरला की केस कातडीत उलटे घुसतात, पुळ्या येतात, आणि पुळ्यांवरून पुन्हा रेझर फिरवणं म्हणजे खवणीवर गाल घासणं.

मागच्या खेपेला तेच झालं. विमानतळावर त्याच्या पिशवीतून ब्लेडचं पाकीट निघालं, ते गेलं. फेसाचा उंच डबा निघाला, तोही गेला. कारखान्याच्या वसाहतीतल्या दुकानात त्याला एक फेकून द्यायचं रेझर मिळालं. त्याने ते अंघोळीच्या साबणावर चालवलं. चौथ्या दिवशी गालाची चाळण झाली. पाचव्या दिवशी त्याला दाढीच करवेना. सहाव्या दिवशी फाटकावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याने त्याच्या हनुवटीवरून बोट फिरवलं आणि त्याला बाजूला उभं केलं. उरलेले दिवस तो वसाहतीत भिंतीकडे बघत बसला.

परत आल्यावर साहेबांनी त्याला बोलावलं. पुन्हा असं झालं तर तुमचं नाव टाक्यांच्या यादीतून काढावं लागेल, म्हणाले. मग ऑफिसातच बसा, माझ्या टेबलासमोर, अहवाल तपासायला. पगार तोच, पंखा डोक्यावर, प्रवास नाही.

ऐकणाऱ्याला हे बक्षीस वाटेल. पण साहेब बोलके आहेत. सकाळी येतात तेव्हा बोलत येतात आणि जातात तेव्हा अर्धं वाक्य दारात ठेवून जातात. निवृत्तीला अजून काही वर्षं आहेत. साडू मला जिन्यात म्हणाला, "घरी हे, ऑफिसात ते. मधे मला एक टाकी तरी राहू दे."

म्हणून या वेळी त्याने आधीपासून तयारी केली. त्वचेच्या डॉक्टरीण बाईंकडे गेला. त्यांनी सांगितलं, आधी गरम पाण्याने केस मऊ करा, फेस न येणारं एक बुळबुळीत क्रीम लावा, दोन पात्यांचं रेझर केसांच्या दिशेनेच फिरवा, दाबू नका. एका जागेवरून पुन्हा पुन्हा जाऊ नका. महिनाभर त्याने मन लावून हे केलं. गाल सुधारले. चेहरा दमलेलाच राहिला, त्यावर डॉक्टरीण बाईंकडे औषध नव्हतं.

राहिला प्रवास. कंपनी आता सगळ्यात स्वस्त तिकीट काढते. त्यात विमानाच्या पोटात टाकायची बॅग नाही. सोबत हातात नेता येईल ती एकच बॅग, वजन सात किलो, दोन आठवडे त्यातच. त्यात मोजणीचं यंत्र अडीच किलो. लोखंडी टोपणाचे बूट पायातच घालून जायचे, म्हणजे त्यांचं वजन धरत नाहीत, फक्त तपासणीत यंत्र केकाटतं आणि ते काढून हातात घ्यावे लागतात.

निघायच्या आदल्या दुपारी आम्ही चौघं त्यांच्या पलंगाभोवती जमलो. पलंगावर बॅग उघडी होती आणि साडू खुर्चीत होता. बॅग भरणाऱ्यांत तो नव्हता. फक्त बॅग त्याची होती.

"रेझर सोबत नेता येतं का मुळात?" मी विचारलं.

"पाती प्लास्टिकच्या डोक्यात बसवलेली असतात ते येतं," साडू म्हणाला. "सुटं ब्लेड येत नाही. मी विमान कंपनीचंही वाचलं, विमानतळाचंही वाचलं. कात्री येते, पात्याची लांबी सहा सेंटिमीटरच्या आत असेल तर. मिशीची कात्री चार आहे. मोजली."

"पातळ गोष्टी?"

"बाटली शंभर मिलीलिटरपर्यंत. आणि सगळ्या बाटल्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. पिशवी एकच. बंद व्हायला हवी."

"हे क्रीम आहे की अर्धं," मेव्हणी डॉक्टरीण बाईंची मोठी ट्यूब दाबून बघत म्हणाली. "दोनशेची ट्यूब, अर्धी संपली. म्हणजे शंभरच झालं ना?"

"ट्यूबवर काय लिहिलंय ते बघतात. आत किती उरलंय ते नाही."

"हा काय न्याय झाला?"

"न्याय नाही, नियम आहे," साडू म्हणाला आणि डोळे मिटले.

तर मेव्हणीने बाजारातून पन्नास पन्नासच्या चार बाटल्या आणल्या होत्या. पांढऱ्या, अपारदर्शक, चारही सख्ख्या बहिणी. एकीत तिने क्रीम भरलं. खरं तर काम इथे संपलं होतं. क्रीम, रेझर, पात्यांची चार जादा डोकी, कात्री, दातांचा ब्रश, छोटी टूथपेस्ट, अंघोळीच्या साबणाची वडी. वडी घट्ट, म्हणून ती पातळात मोजत नाहीत. सगळं मिळून एका मुठीत आलं असतं. साडूने ते तसं मांडूनही ठेवलं होतं, उशीवर, रांगेने.

पण आमच्या घराण्यात कोणी गावाला निघालं की प्रत्येकाने त्याच्या बॅगेत काहीतरी घालायचं असतं. हा प्रेमाचा भाग आहे. वस्तू लागते की नाही हा प्रश्न कोणी विचारत नाही. वस्तू टाकायची आणि म्हणायचं, "असू दे." एकदा "असू दे" म्हटलं की ती वस्तू परत काढणं म्हणजे माणसाचा अपमान.

मेव्हणीने दुसऱ्या बाटलीत शाम्पू भरला. "असू दे."

तिसऱ्या बाटलीत डोक्याचं तेल. "रात्री झोप लागेल. असू दे."

माझ्या बायकोने चौथी बाटली उचलली आणि आमच्या घरी जाऊन भरून आणली. "कंडिशनर आहे. तिकडे पाणी जड असतं. केसांची वाट लागते."

मी साडूच्या डोक्याकडे पाहिलं. त्यानेही वर हात नेऊन कानामागची बट चाचपली. पूर्वी तिथून वरपर्यंत सगळा मळा होता. आता कुंपण उरलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "याला काम काय सांगू?"

"असू दे हो. कुठे जड होतंय?"

मीही मागे राहिलो नाही. माझ्याकडे एक आफ्टरशेव्हची छोटी बाटली होती, कोणीतरी भेट दिलेली. "असू दे," मी म्हणालो. डॉक्टरीण बाईंनी अत्तराचं काही लावू नका म्हणून सांगितलं होतं, साडू पुटपुटला. "लावू नका, नुसती असू दे," मी म्हणालो. काहीजणांचा विश्वास बसणार नाही, पण त्या क्षणी मला हे बोलणं शहाणपणाचं वाटलं.

बाटल्या सारख्या दिसतात म्हणून मेव्हणीने प्रत्येकीच्या गळ्यात दोरा बांधला. दुकानात ती कपडे असेच ओळखते. कोणाचं काय, ते दोऱ्याच्या रंगावर, आणि आजवर एका गिऱ्हाइकाचा दुसऱ्याला गेला नाही. वर झाकणांना चिकटपट्टी गुंडाळली, विमानात गळू नये म्हणून.

"निळा दाढीचा, लाल शाम्पू, पिवळा तेल, हिरवा ताईचा. लक्षात राहील?"

"हो," साडू म्हणाला. हे "हो" आम्हा तिघांत कोणालाच नीट कळलं नाही. ते ऐकल्याचं नव्हतं, संपवण्याचं होतं.

घरात सापडलेली पारदर्शक पिशवी लिटरपेक्षा बरीच लहान निघाली, म्हणून ती बंद होईना. मेव्हणीने तिच्यावर गुडघा ठेवला, माझ्या बायकोने तोंडाची पट्टी चिमटीत धरून सरकवली, आणि पिशवी फुगलेल्या बेडकासारखी बंद झाली. काट्याला बॅग टांगली. सात किलोला थोडंसं कमी. दोन्ही बहिणींनी एकमेकींकडे अभिमानाने पाहिलं.

विमानतळावरचं साडूने आम्हाला नंतर सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यांत. त्याने बूट काढून ट्रेमध्ये ठेवले. यंत्र वेगळ्या ट्रेमध्ये. पिशवी वर ठेवली आणि ती तिथेच, सगळ्यांसमोर, तोंडाला उसवली. तपासणीच्या बाईंनी पाहिलं. आवाज चढवला नाही.

"पिशवी बंद करा, काका."

साडूने दाबली. एक बाजू बंद झाली की दुसरी उघडत होती.

"दोन-तीन गोष्टी काढा. नाहीतर दुसरी बॅग असेल तर यातलं तिच्यात घालून ती विमानाच्या पोटात टाकायला देऊन या."

दुसरी बॅग नव्हती. पायात मोजे होते. मागच्या माणसाने उसासा टाकला, त्याच्या मागच्याने त्याहून मोठा. माझी आफ्टरशेव्हची बाटली साडूने आनंदाने काढली, हे त्याने मला मुद्दाम सांगितलं. पिशवी तरी बंद होईना. आता चार पांढऱ्या बाटल्या आणि चार दोरे. झाकणांवर चिकटपट्टी, नख लावून काढायला दोन मिनिटं, आणि मागे रांग. त्याला आठवत होतं, की एक रंग तेलाचा आहे. दुसरा कुठलातरी डोक्याचा आहे. तेल पिवळं असतं, म्हणून पिवळी काढली, ते बरोबर निघालं. मग त्याच्या मनाने सांगितलं, शाम्पू निळा असतो. दुकानात बघावं तिकडे निळाच असतो. त्याने निळी काढली. पिशवी बंद झाली. बाईंनी दोन्ही बाटल्या आणि आफ्टरशेव्ह खालच्या डब्यात सोडलं. साडू म्हणतो, त्या क्षणी त्याला खूप हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो, तेव्हा आमच्या दारावर धडाधड थापा पडल्या. मेव्हणी फोन हातात धरून आत आली. फोनचा स्पीकर चालू होता.

"ताई, हिरव्यात काय आहे ते सांग यांना."

"अगं, कंडिशनर. का?"

फोनमधून पाण्याचा आवाज येत होता. मग साडूचा. "मला निळी बाटली सापडत नाहीये."

"पिशवीत बघा," मेव्हणी म्हणाली.

"पिशवीत लाल आहे आणि हिरवी आहे."

"निळी कुठे गेली?"

"विमानतळावर."

खोलीत शांतता झाली. आमच्या घरात अशी शांतता मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली.

"म्हणजे तुम्ही क्रीम टाकलंत," मेव्हणी हळू आवाजात म्हणाली, "आणि ताईचं कंडिशनर नेलंत. तुम्ही."

"मला निळा शाम्पू वाटला."

"मी सांगितलं होतं, निळा दाढीचा."

"सांगितलं होतंस," साडू म्हणाला. "बोलताना तू बऱ्याच गोष्टी सांगितल्या होत्यास."

त्याचा आवाज चिडका नव्हता. तो न्हाणीघरात उभा होता, तोंडाला गरम पाणी लावलेलं, आणि थोड्याच वेळात कारखान्याची गाडी येणार होती. आज पहिला दिवस, आज मास्कची परीक्षा. डोक्यावर एक पारदर्शक टोप घालतात, आत कडू औषधाचा फवारा मारतात. मास्क नीट बसला असेल तर काही कळत नाही. कडू लागलं तर कुठेतरी फट आहे, आणि माणूस बाद. मागच्यासारखं साबणावर रेझर चालवलं तर आज पास होईल, चार दिवसांनी गाल उठतील आणि साहेबांच्या समोरची खुर्ची ठरलेली. दाढी नाही केली तर खुर्ची आजच.

"शाम्पूने करा," मी म्हणालो. "फेस येतो."

"फेस येऊन काय उपयोग?" साडू म्हणाला. "डॉक्टरीण बाई म्हणाल्या, फेस म्हणजे हवा. बुळबुळीत हवं."

"वसाहतीत दुकान असेल ना?"

"उघडायचंय अजून."

"शेजारच्या खोलीतल्याकडे मागा," मेव्हणी म्हणाली.

"त्याला दाढी येत नाही. बावीस वर्षांचा आहे. कंपनीने मुद्दाम तसाच पाठवला असेल."

मग माझ्या बायकोने मेव्हणीच्या हातातून फोन घेतला आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "हे बघा, कंडिशनर लावा. चांगलं जाड लावा. चालतं."

"ताई, ते केसांचं आहे."

"दाढी काय दोऱ्याची असते? मी सांगतेय ना चालतं. मी वापरते."

"कशाला?"

"पायाला," ती म्हणाली. "मी पायांचे केस काढताना तेच लावते. रेझर पाण्यासारखं फिरतं आणि पुरळ येत नाही. झालं समाधान?"

मेव्हणी छताकडे बघायला लागली. माझं रेझर दर महिन्याला बोथट का होतं, हे कोडं वीस वर्षांनी सुटलं होतं, पण ती वेळ हा विषय काढण्याची नव्हती. मी ब्रश पुन्हा तोंडात घातला.

"आधी कानाखाली थोडं लावून बघा," बायको पुढे म्हणाली. "झोंबलं तर धुवून टाका. नाही झोंबलं तर सगळीकडे. आणि झाल्यावर खूप धुवा. बुळबुळ राहिली तर तो तुमचा मास्क घसरेल."

"बरं."

"केसांच्या दिशेनेच फिरवा," मेव्हणी तिच्या खांद्यावरून म्हणाली.

"बरं."

"दाबू नका," मी म्हणालो.

"साडूभाऊ, मी फोन खाली ठेवतोय. बंद करत नाही. हात रिकामे नाहीत."

आणि आम्ही तिघं आमच्या बैठकीच्या खोलीत उभं राहून, एका माणसाची दाढी ऐकत राहिलो. आधी झाकणाची चिकटपट्टी निघाल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग "झोंबत नाहीये" असं कोणालातरी सांगितल्यासारखं. मग रेझरचा लांब, मऊ आवाज. पाण्यात झटकल्याचा. पुन्हा तोच. कोणीही काही बोललं नाही. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला कळलं, की टाकीत त्याला काय मिळत असेल.

शेवटी नळ बराच वेळ वाहत राहिला, आणि गाडीचा हॉर्न ऐकू आला.

संध्याकाळी त्याचा निरोप आला, दोन शब्दांचा. "कडू नाही." मेव्हणीने तो मला तीनदा वाचून दाखवला. मग रोज सकाळी फाटकावर बोट फिरायचं आणि तो आत जायचा. पन्नास मिलीलिटर कंडिशनर दोन आठवडे कसं पुरवलं असं विचारलं, तर म्हणाला, "गाल लहान आहेत. शेवटचे तीन दिवस बाटली कापली." गालावर हनुवटीखाली दोन पुळ्या होत्या. त्या मोजत नाहीत.

तो परत आला त्या दुपारी आम्ही सगळे त्याच्या घरी जमलो. त्याने बूट काढले, खुर्चीत बसला, आणि बॅगेकडे आमच्या तिघांपैकी कोणीही हात नेण्याआधी त्याचा फोन वाजला. ऑफिसचा निरोप होता. काम समाधानकारक. यादीत नाव कायम. पुढच्या महिन्यात दुसरी टाकी, दोन आठवडे, तिकीट मागच्यासारखंच, बॅग एक.

त्याला जे हवं होतं तेच मिळालं होतं. त्याने निरोप वाचला, पुन्हा वाचला, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही फरक पडला नाही.

"काय म्हणतायत?" मेव्हणीने विचारलं.

"वाच तू," तो म्हणाला आणि फोन तिच्या हातात दिला. "मी जरा पडतो."

तो आत गेला. मेव्हणीने वाचलं, तोंड उघडलं, काहीतरी फार लांब बोलण्याची तयारी केली. मग आतल्या पलंगाची कुरकुर ऐकू आली आणि तिने तोंड मिटलं. उठून आतल्या खोलीचा पडदा ओढला, दार लोटलं, आणि आम्हाला खुणेने जिन्याकडे जायला सांगितलं. आम्ही चपला हातात घेऊन बाहेर पडलो.